नुसतं विचारत जा

मराठी लग्नात रुसण्याची फार उत्तम सोय असते. मामाला पत्रिका पोस्टाने पाठवली, काकूंना घरी येऊन अक्षत दिली नाही, आत्याबाईंच्या साडीला जरीचा काठच नव्हता, अशी कितीतरी कारणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मान्य झालेली आहेत. रुसलेलं माणूस सगळ्यांना दिसतं. रुसवा काढायला कुणीतरी वडीलधारं जातं, 'मोठ्या मनाने' हे शब्द दोनतीनदा उच्चारले जातात आणि आत्याबाई पंगतीला येऊन बसतात. वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या निमंत्रणात तर तळाशी आगाऊच छापलेलं असतं, की नजरचुकीने कुणाला आमंत्रण पोचलं नसेल तर त्यांनी हेच आग्रहाचं आमंत्रण समजून यावं. राहून गेलेल्या माणसाची कुणीतरी आधीच काळजी करून ठेवली आहे, हे वाचून मला नेहमीच बरं वाटतं.

मैत्रीत यातलं काही नाही. मैत्रिणी आपल्याला न सांगता नाटकाला जाऊन आल्या, तर दाद मागायची कुणाकडे? मध्यस्थीला काका येत नाहीत. त्यात सुनेच्या हातचा चहा पिण्याच्या वयात 'मला नाही घेतलं' हे वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे नको वाटतं. यापूर्वी हे वाक्य म्हटलं तेव्हा आपण फ्रॉकमध्ये होतो आणि अंगणात लगोरी चालली होती. तेव्हा निदान आई खिडकीतून ओरडायची, "अगं घ्या की तिला, कच्चं लिंबू म्हणून घ्या!" आणि घ्यायचे. कच्च्या लिंबाला राज्य नसायचं, बाद होणं नसायचं, पण खेळात असायचं. मोठं झाल्यावर ही कच्च्या लिंबाची जागा नेमकी कधी रद्द झाली, ते कुणी कळवलं नाही.

आमचा सहाजणींचा गट आहे. मूळ भिशीचा. महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार, आणि जिच्या घरी भिशी तिने खायला करायचं. भिशीत कधी कुणी राहून जात नाही. पैसे मोजताना दहा हजारच भरले तर लगेच कळतं की कोण यायची आहे. पंचाईत होते ती भिशीबाहेरच्या बेतांची. तिथे डोकी मोजायची पद्धत नाही.

गेल्या जानेवारीच्या भिशीत शिरा होता. आमच्या खजिनदारीणबाईंनी पहिला घास घेतला आणि यजमानीणबाईंना गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साखर शेतातच घातलीस का गं?" यावर चौघी अशा हसल्या की एकीला ठसका लागला. मी पण हसले. सगळे हसत असताना आपण हसतो तसं, म्हणजे ओठांनी. मग एकीच्या ते लक्षात आलं आणि तिने मला विनोद समजावून सांगितला. मागच्या रविवारी त्या सोलापूर रस्त्याला एका शेतावर हुरडा खायला गेल्या होत्या. आगटीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून शेतकरी काका गरम हुरडा प्रत्येकीच्या हातात देत होते, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ होता. तर आमच्या खजिनदारीणबाईंनी पहिला हुरडा तोंडात टाकून काकांना विचारलं, "इतका गोड कसा हो? साखर शेतातच घालता का?"

विनोद चांगला होता. मी तिथे असते तर मलाही ठसका लागला असता. पण समजावून सांगितलेला विनोद खाताना कसा लागतो, ते त्या दिवशी कळलं. मी शिऱ्यातले बेदाणे बाजूला काढत बसले. वास्तविक मला बेदाणे आवडतात.

घरी आल्यावर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. इतकं काय त्यात? हुरडा काय, कुठेही मिळतो. शिवाय कुणी मुद्दाम केलं नसणार. पण हे समजावणं लागू पडत नाही, आणि पडत नाही याला चक्क शास्त्रीय आधार आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1980 च्या दशकात एकदा बागेत बसले होते. जवळच दोन अनोळखी माणसं उडत्या तबकडीने खेळत होती. ती तबकडी घरंगळत यांच्यापाशी आली, यांनी परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे टाकली. थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग काही न बोलता ते दोघं परत आपापसातच फेकू लागले. ना ओळख ना पाळख, तरी या भल्या माणसाला एकदम फार वाईट वाटलं. प्राध्यापक असल्यामुळे त्यांनी घरी जाऊन बेदाणे बाजूला काढले नाहीत, प्रयोग उभा केला. पुढे त्याचं संगणकावरचं रूप आलं. पडद्यावर दोन खेळाडू आपल्याकडे चेंडू टाकतात आणि जरा वेळाने टाकायचे थांबतात. एवढंच. तेवढ्यानेही माणसं खट्टू होतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर कुणी माणूस नाही, संगणकच चेंडू टाकतोय. तरीही त्यांना लागायचं ते लागलंच.

हे वाचल्यावर मला स्वतःची लाज वाटायची थांबली. यंत्राने चेंडू दिला नाही तर माणूस हिरमुसतो, मग इथे तर हुरडा होता. 'त्यांनी मुद्दाम केलं नाही' हे पटलं तरी वाईट वाटायचं थांबत नाही, कारण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. आणि म्हणूनच उलटही खरं आहे. मला वाईट वाटलं, यावरून त्यांनी काही वाईट केलं असं सिद्ध होत नाही. पुढचं सगळं बोलणं या एका बारीक फटीतून पार करायचं असतं.

आता हे बेत ठरतात कसे, तेही पाहायला हवं. आपल्या मनात चित्र असं असतं, की पाचजणी गोल करून बसल्या, एकीने माझं नाव काढलं, बाकीच्यांनी माना हलवल्या आणि ठराव मंजूर झाला. प्रत्यक्षात बेत ठरत नाहीत, ते होतात. दोघी भाजी आणायला निघालेल्या असतात. वाटेत एक म्हणते, "हुरडा खाऊन किती वर्षं झाली गं!" दुसरी म्हणते, "रविवारी जाऊ या?" तिसरी फाटकाशी भेटते. चौथीला फोन जातो, कारण गाडी तिची. आणि गाडी आली की गणित आलं. आपल्याकडच्या घरगुती गाडीत चालवणारीसकट पाचजणी बसतात, त्याही मागच्या तिघींनी एकमेकींच्या पदरावर बसायचं ठरवलं तर. सहावी आली की दुसरी गाडी लागते, दुसऱ्या गाडीला दुसरी चालवणारी लागते, तिच्या नवऱ्याला गाडी हवी असते, आणि बेत बारगळतो. त्यामुळे पाच भरल्या की सगळ्यांच्याच मनात कुठेतरी आपोआप दार लागतं. मग त्या सहावीबद्दल कुणीतरी दयाळूपणे म्हणतं, "तिचा गुडघा दुखतो ना, तिला कशाला त्रास." सासूबाईंच्या आजारपणात मी ओळीने काही बेतांना नाही म्हटलं होतं, त्यामुळे 'ती तशी येत नाहीच' हेही एव्हाना सर्वमान्य झालेलं. सासूबाई बऱ्या होऊन तीर्थयात्राही करून आल्या, पण ते मत काही बदललं नाही. मला वगळणारी ही सगळी कारणं मायेची होती. माझा गुडघा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आठवत होता.

हे कळत असूनही सांगायचं ठरवलं. न सांगण्याचे प्रकार मी आजूबाजूला भरपूर पाहिले आहेत. एक प्रकार सकाळी सहा वाजता मोबाइलच्या स्टेटसवर दिसतो. उगवता सूर्य, आणि खाली 'गरज सरल्यावर माणसं ओळख विसरतात' छापाचं काहीतरी. हे ज्यांच्यासाठी लिहिलेलं असतं त्या सोडून सगळ्यांना लागतं, आणि दुपारपर्यंत मावसबहिणीचा काळजीचा फोन येतो. दुसरा प्रकार गटातून निघून जाण्याचा. पूर्वी 'अमुक बाहेर पडल्या' अशी करड्या अक्षरांतली ओळ सगळ्यांसमोर उमटायची, आणि मग त्यांना परत आणण्यासाठी वेगळा गट काढावा लागायचा. तिसरा प्रकार सगळ्यांत जुना, टोमण्याचा. "मज्जा आहे बाई एकेकीची!" टोमण्याची गंमत अशी की तो मारणाऱ्याला वाटतं आपण बोललो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं उत्तर द्यायची गरज नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी काहीच झालेलं नसतं, फक्त हवा थोडी आंबते.

पुरुषांचं याहून वेगळं. आमच्या यजमानांना त्यांच्या मित्रांनी एकदा क्रिकेटच्या सामन्याला नेलं नाही, तर यांनी फोन करून तीन सणसणीत शिव्या घातल्या, पलीकडून चार आल्या, दोघं हसले आणि मिटलं. निदान मला तसं वाटलं होतं. पण त्या सामन्याचा विषय ते अजून दिवाळीत काढतात.

तर काय म्हणायचं, याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली. स्वयंपाकघरात एकटी असताना मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य आलं ते असं, "तुम्ही मला मुद्दाम टाळलंत." म्हणताना फार समाधान वाटलं. पण 'मुद्दाम' हा शब्द समोरच्याच्या मनात शिरून लिहिलेला पंचनामा आहे. तिला पहिल्यांदा तोच खोडून काढावा लागणार, आणि मग आम्ही दोघी तिच्या हेतूबद्दल तासभर बोलणार, माझ्या वाईट वाटण्याबद्दल नाही. मग आलं, "तुम्ही मला कधीच बोलावत नाही." यात 'कधीच' गोत्यात आणणारा. समोरची लगेच मागच्या वर्षीचं केळवण काढणार, आणि ते खरंच असणार. मग आलं, "माझंच काहीतरी चुकत असेल." हे ऐकायला नम्र, पण याच्याएवढं धूर्त वाक्य नाही. यावर समोरच्या बाईला "छे छे, तुझं काय चुकणार" म्हणत माझी समजूत काढण्यावाचून पर्यायच उरत नाही. तिला बोलायला जागाच ठेवायची नाही आणि वर तिचेच कष्ट. 'मी दोष देत नाहीये हं' अशी सुरुवातही करून पाहिली. पण 'राग मानू नकोस' म्हटल्याबरोबर माणूस जसा रागवायच्या तयारीला लागतो, तसंच हे. दोष द्यायचा नसेल तर देऊ नये, जाहीर कशाला करायचं?

मार्शल रोझेनबर्ग नावाच्या आणखी एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा बोलण्याची पद्धतच बसवली आहे. गांधीजींच्या अर्थाने अहिंसा, म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीच्या नावात तोच शब्द घेतला. आधी काय घडलं ते कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच सांगायचं. मग आपल्याला काय वाटलं ते, मग आपल्याला काय हवं होतं ते, आणि शेवटी समोरच्याला करता येईल अशी एक विनंती. तिला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, नाहीतर ती विनंती नव्हे, हुकूम. त्यांची मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे 'डावललं', 'टाळलं', 'वाळीत टाकलं' या भावना नव्हेत, असं ते म्हणतात. दुसऱ्याने काय केलं याबद्दलचा तो आपला निकाल असतो. भावना म्हणजे वाईट वाटलं, एकटं वाटलं, चुटपुट लागली. 'मला डावलल्यासारखं वाटलं' असं म्हणताना आपल्याला वाटतं आपण मन मोकळं केलं, पण ऐकणारीला त्यातला 'डावललं' तेवढाच ऐकू येतो.

पद्धत चोख आहे, पण जशीच्या तशी मराठीत आणली तर अर्जासारखी होते. "आपण रविवारी हुरड्यास गेल्याचे समजले, त्यामुळे मला दुःख झाले, कारण मला सहभागाची गरज आहे, तरी कृपया" आणि खाली सही करून चावडीवर नेऊन द्यावं. तेव्हा माल त्यांचा ठेवून घडण आपली करायची ठरवली.

कुणाला सांगायचं, हे मात्र सहज ठरलं. गटावर लिहायचं नाही. तिथे पाचजणी वाचतात आणि प्रत्येकीला वाटतं दुसरी उत्तर देईल. मग दोन हात जोडलेले, एक डोळे पुसणारं तोंड, आणि 'अगं असं काय' एवढं येऊन सगळं थांबतं. शिवाय लिहिलेलं राहतं, आणि पुढच्या वर्षी कुणी वर सरकवत गेलं की पुन्हा भेटतं. पाचजणींशी पाच वेळा बोलायचीही गरज नसते. जिच्यापाशी बेत शिजतात आणि जिच्याशी आपलं जरा जास्त जुळतं, अशी एक निवडायची. माझ्यासाठी ती आमची गाडीवाली. सगळ्यांत अपराधी म्हणून तिला निवडली नाही. ऐकून घेईल म्हणून निवडली, आणि पुढचा बेत तिच्याच गाडीत बसणार म्हणूनही.

वेळही महत्त्वाची. भिशीच्या त्याच संध्याकाळी बोलले असते तर आवाज फाटला असता. आणि फार थांबलं तर आणखी वाईट, कारण या तक्रारीला शेजारीण भेटते. मागच्या वर्षीचं नाटक आठवतं, त्याआधीची सत्यनारायणाची पूजा आठवते, आणि हुरड्यापासून निघालेली बाई पूजेच्या प्रसादापर्यंत जाऊन पोचते. मी त्या आठवड्यातच बोलायचं ठरवलं, आणि फक्त हुरड्याबद्दल.

अवघड बोलायचं असेल तर आपल्या बायकांकडे एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे निवडण्या-सोलण्याचं काम. मी कडव्या वालांची बिरडी सोलायला घेऊन तिच्याकडे गेले. वाल रात्री भिजत घातलेले, मग फडक्यात बांधून मोड काढलेले. आता कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत धरून दाबायचा, की साल हातात राहतं आणि बिरडं सुळकन परातीत पडतं. या कामाला भरपूर वेळ लागतो, हात गुंतलेले असतात आणि नजर खाली असते. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत असं बोलणं हा सिनेमातला प्रकार. खऱ्या आयुष्यात कुणालाही त्या क्षणी बघायला एक परात हवी असते.

निम्मी परात झाल्यावर मी म्हटलं, "रविवारी तुम्ही हुरड्याला गेलात, ते मला भिशीत कळलं. मला वाईट वाटलं गं. मला यायला आवडलं असतं."

आणि मग गप्प बसले. या सगळ्या उद्योगातली सर्वांत अवघड जागा हीच. त्या शांततेत तोंडाला फार खाज सुटते. 'गाडीत जागा नसेल म्हणा', 'अचानक ठरलं असेल', 'जाऊ दे गं, मी उगीच' असं सगळं जिभेवर येतं. पण आपणच तिची कारणं ताटात वाढून दिली, की ती त्यातलं एक उचलते आणि विषय संपतो. म्हणून वाल सोलत राहिले.

"अगं, ठरलंच आदल्या रात्री," ती म्हणाली. हे पहिलं उत्तर सगळेच देतात आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. मी "हं" म्हटलं. आणखी थोडे वाल झाले.

"आणि तुझा गुडघा. शेतात कुठे बसशील, असं वाटलं." मग जरा थांबून, थोडी चिडूनच, "खरं सांगू का, गाडीत पाचच मावतो. तुझं नाव निघालं होतं. पण तुला बोलावलं तर कुणाला तरी राहा म्हणावं लागलं असतं. ते कोण म्हणणार? मग कुणीच काही बोललं नाही."

हे ऐकून मला विलक्षण हलकं वाटलं. माझं नाव निघालं होतं! इतके दिवस मी धरून चालले होते की ते निघालंच नसेल. कुणाचं नाव निघावं आणि त्यावर पाचजणींनी खिडकीबाहेर बघावं, यात दुष्टपणा नाही, नुसता भिडस्तपणा आहे. तो तर माझ्याकडेही आहे.

"मग तू तरी का नाही विचारलंस कुठे चाललाय म्हणून?" ती म्हणाली.

"कळलंच नव्हतं ना."

"हो, तेही खरंच," असं म्हणून ती हसली. मग मी तिला ते सांगितलं, ज्यासाठी मुख्यतः आले होते. "मला प्रत्येक वेळी न्याच असं नाही. नुसतं विचारत जा. जमतंय की नाही, गुडघा काय म्हणतोय, ते माझं मी बघेन. नाही म्हणायचं काम माझ्याकडे राहू दे."

मला वाटतं या प्रकरणात मागण्यासारखं एवढंच असतं. 'मला तुमच्यात घ्या' हे कुणाला देता येत नाही. ते मोजता येत नाही आणि झालं की नाही हेही कळत नाही. 'नुसतं विचारा' हे देता येतं. त्याला एक फोन लागतो. आणि गाडीतल्या पाच जागांचं कोडंही त्याने सुटतं, कारण ते कोडं मग सहाजणींचं होतं. सहावीला विचारलं तर ती कदाचित म्हणेल, की मी बसने येते, किंवा या वेळी तुम्ही जा. तिच्या वतीने बाकीच्यांनी म्हटलं की ते लागतं, तिने स्वतः म्हटलं की लागत नाही. हुरडा दोन्ही प्रकारांत हुकतो तो हुकतोच.

अर्थात हे बोलणं सगळीकडे चालवायचं नसतं. आमच्यातल्या दोघी दर गुरुवारी मठात जातात, तिथे मला बोलावलं नाही म्हणून मी बिरडी घेऊन निघाले तर ते अति होईल. दोघींचं काही दोघींचंच असतं, तिघींचंही असतं. मी आपला ठोकताळा ठेवलाय. मी सोडून सगळ्या गेल्या, आणि ते एकदा नाही, वरचेवर होतंय, तर बोलावं. निम्म्या गेल्या तर त्यांच्यासाठी डबा करून द्यावा आणि आपलं पुस्तक वाचावं. आणि सरळ, एकदाच सांगूनही चार-सहा महिन्यांत काहीच बदललं नाही, तर तेही उत्तरच आहे. ते ऐकू येणं कठीण, पण त्यावर पुन्हा वाल भिजत घालण्यात अर्थ नाही. माझ्या चुलतबहिणीने तिच्या गटाला असं सांगितलं होतं. त्या सगळ्या "अय्या, हो का" म्हणाल्या आणि परत तशाच वागल्या. तिने भांडण केलं नाही, गटही सोडला नाही. पेटीच्या क्लासला जाऊ लागली, आणि आता तिलाच त्या गटासाठी वेळ नसतो.

आमच्याकडे उलट झालं. माझं सांगणं गाडीवालीने बाकीच्यांना पोचवलं असणार, कारण पुढचे काही आठवडे मला इतकं विचारलं गेलं की जीव नकोसा झाला. "दळण टाकायला चाललेय, येतेस?" "चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला निघालोय, तुला विचारायचं राहायला नको." एकीने तर रक्त तपासायला जाताना विचारलं, आणि वर सांगितलं की उपाशीपोटी यायचं आहे. यालाही टोमणा समजता आलं असतं, पण मी न समजायचं ठरवलं. लोक नवीन सवय लावून घेताना पहिल्यांदा जरा जास्तच जोर लावतात.

मलाही एक सवय लावून घ्यावी लागली. नाही म्हणताना नुसतं "नाही जमणार गं" म्हणून फोन ठेवायचा नाही. तो 'नाही' त्या दिवसापुरता आहे की कायमचा, हे पलीकडे कळायला काही मार्ग नसतो. माणसं असे दोनतीन सुटे 'नाही' एकत्र बांधून त्यांचा स्वभाव करतात. म्हणून "या वेळी नाही, पण पुढच्या वेळी नक्की विचार" एवढं शेपूट जोडायचं. ते जोडायला आळस केला की आपण हळूहळू 'ती तशी येत नाहीच'च्या यादीत जातो, आणि त्या यादीतून नाव काढायला परत कुणाच्यातरी परातीपाशी जावं लागतं.

मार्चमध्ये एका रात्री साडेनऊला गाडीवालीचा फोन आला. "रविवारी जेजुरीला चाललोय. येतेस?"

"अगं, जेजुरी? केवढ्या पायऱ्या! माझा गुडघा…"

"माहितेय मला तुझा गुडघा. पण तूच म्हणालीस ना, नुसतं विचारत जा म्हणून. विचारलं. आता पटकन नाही म्हण आणि ते तुझं शेपूट पण जोड, मला अजून दोघींना फोन करायचाय."

"पायऱ्यांखाली बसून राहिले तर चालेल का?"

पलीकडे क्षणभर शांतता झाली. ती मनात जागा मोजत असणार.

"थांब," ती म्हणाली, "यांना विचारते, रविवारी गाडी लागतेय का."